रेंज तोडून लगेच आत आलं की उलट बाजूला उतरायचं का? बुधवारचं क्रूड

उद्यमबाग_फर्स्टशिफ्ट
बुधवारी संध्याकाळी क्रूड मिनी ६ ते ८ सगळा वेळ ५,६२० ते ५,६८० मध्येच फिरत होतं. ८ वाजता अमेरिकेच्या तेलसाठ्याचा आकडा आला आणि एका झटक्यात ५,७०६. पाच मिनिटांची कँडल बंद झाली मात्र ५,६६८ ला, म्हणजे परत रेंजमध्ये. माझं मत असं की वर घेतलेले सगळे अडकले, कँडल बंद होताक्षणी विकायचं आणि स्टॉप ५,७१० ला ठेवायचा. आमच्या इथले दोघे म्हणतात हा वेडेपणा आहे. तुमचं काय मत?

निपाणी_अण्णा
तुमचे दोघे बरोबर सांगतात. आकड्याच्या वेळी पहिली पाच मिनिटं बाजार दोन्हीकडचे स्टॉप खात असतो, त्यात दिशा नसते. त्या दिवशी क्रूड सकाळपासून वर होतं, आधीचे दोन दिवसही वरच बंद झालं होतं. अशा वेळी वरची बाजू एकदा तुटून आत आली म्हणून तुम्ही विकणार? चढत्या बाजारात वरची रेंज दोन-तीनदा तुटायचा प्रयत्न होतोच. पहिला फसतो, दुसरा किंवा तिसरा निघतो. तुम्ही पहिल्यालाच विकून बसलात की पुढच्याला तुमचाच स्टॉप घेणाऱ्यांच्या कामाला येतो. फसलेला ब्रेकआउट विकायचा तर बाजार आधीपासून उतरता हवा. माझा नियम एवढाच.

टिळकवाडी_ताई
अण्णांचा दिशेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याच्याही आधी एक साधा हिशोब करायला हवा. तो या धाग्यात कुणी केलेला नाही.

५,६६७ ला विकलं आणि स्टॉप ५,७१० ला, म्हणजे ४३ रुपयांची जोखीम. मिनीचा लॉट १० बॅरलचा, तेव्हा ४३० रुपये. आता मिळणार किती? रेंजचा मध्य ५,६५० ला, तिथपर्यंत १७ रुपये. अगदी खालच्या काठापर्यंत, ५,६२० पर्यंत गेलं तरी ४७. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर ४३० लावून ४७० मिळणार, आणि मध्यावरून परत फिरलं तर १७०. त्यातून ब्रोकरेज आणि कर मिळून पन्नास-साठ रुपये जातात. सापळा खराच होता असं धरलं तरी हा सौदा घ्यावा असा नाही.

याचं कारण भाव काठाच्या किती बाहेर गेला त्यात आहे. रेंज ६० रुपयांची आणि भाव २६ रुपये बाहेर, म्हणजे जवळजवळ निम्मी रेंज. स्टॉप त्या टोकाच्या वर ठेवावा लागतो, म्हणून तो लांब जातो. तेच भाव ५,६८७ पर्यंत जाऊन ५,६७२ ला बंद झाला असता, तर ५,६९१ चा स्टॉप १९ रुपयांवर आणि खालचा काठ ५२ वर राहिला असता. चित्र तेच, सौदा पूर्ण वेगळा. फसलेला ब्रेकआउट दिसला की मी आधी तो किती बाहेर गेला होता ते मोजते. रेंजच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त गेला असेल तर कँडल बंद होताच विकत नाही.

चिकोडी_मार्केटयार्ड
ताई, तुम्ही व्हॉल्यूम बघितलाच नाही. त्या कँडलला व्हॉल्यूम प्रचंड होता. व्हॉल्यूमसकट तुटलेली रेंज खरी असते, कमी व्हॉल्यूमची खोटी. मग हा सापळा नव्हताच.

टिळकवाडी_ताई
चिकोडीकर, शांत बाजारात तुमचं बरंचसं खरं ठरतं. कमी सौद्यांवर काठ ओलांडला गेला की तो टिकत नाही, हे मीही बघितलंय. पण आकड्याच्या मिनिटाला व्हॉल्यूम नेहमीच प्रचंड असतो, वर गेला तरी आणि खाली गेला तरी. आणि व्हॉल्यूम मोठा असून भाव आत बंद झाला, तर वर घेतलेले जास्त लोक तोट्यात बसलेले असू शकतात. म्हणजे सापळा उलट जास्त घट्ट.

व्हॉल्यूम सौदे किती झाले तेवढंच सांगतो. अडकलं कोण हे त्यातून कळत नाही. ५,६८० च्या वर जी खरेदी झाली त्यातली काही आधी विकून बसलेल्यांच्या स्टॉपची होती. ते तोटा घेऊन बाहेर पडले, त्यांच्याकडे आता विकायला काही नाही. खाली ढकलणार ते नव्याने घेतलेले, त्यांचे स्टॉप काठाच्या खाली असतात. म्हणून त्या मिनिटांत ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे किती, तो बघावा. भाव वर जाताना तो वाढला आणि भाव आत आल्यावरही तसाच राहिला, तर लोक अजून अडकून आहेत. वर जातानाच तो घटला असेल तर ती नुसती जुन्या विक्रीची सुटका होती, त्यात फारसं इंधन नाही.

खानापूर_जांबोटीरोड
माझी पण अशीच गोष्ट आहे ओ. साखर कारखान्याचा एक शेअर तीन आठवडे ४१२ ते ४३० मध्ये होता. ४३१ ला घेतला, ४३४ ला गेला आणि त्याच दिवशी ४२७ ला बंद. डिलिव्हरीत आहे. आता खाली ४१५ ला अजून घेऊन सरासरी करू का?

निपाणी_अण्णा
खानापूरकर, इथे चाललेला प्रश्न तुमच्या उलटा आहे. आम्ही अडकलेल्यांच्या विरुद्ध उतरायचं की नाही ते बोलतोय आणि तुम्ही अडकलेल्यांपैकी आहात. ज्या कारणासाठी घेतला ते कारण ४२७ च्या बंद भावाला संपलं. रेंजमध्ये परत आलेल्या शेअरमध्ये अजून पैसे घालू नका. आणि हातात नसलेले शेअर विकून खाली पकडायचा विचारही कॅशमध्ये करू नका. शॉर्ट त्याच दिवशी मिटवावा लागतो. वरचं सर्किट लागलं तर मिटवताच येत नाही, मग लिलावाचा दंड बसतो. शेअरमध्ये खालचा काठ तुटून आत आला तर खरेदी करता येते, घरी ठेवता येते. वरच्या काठाचा सापळा डिलिव्हरीवाल्याच्या कामाचा नाही.

शहापूर_यंत्रमाग
पाच मिनिटं कशाला थांबायचं? एक मिनिटाची कँडल बघायची. ८:०२ लाच ती ५,६७८ ला आत बंद झाली होती. तिथे विकलं असतं तर ताईंचा हिशोब पण बसतो, दहा रुपये जास्त मिळतात.

टिळकवाडी_ताई
५,६७८ ला विकून ५,७१० चा स्टॉप म्हणजे ३२ ची जोखीम आणि खालच्या काठापर्यंत ५८. हिशोब नक्कीच सुधारतो. पण ८:०२ ला बातमी अर्धीच आलेली असते. पहिला मथळा येतो कच्च्या तेलाच्या साठ्याचा. तो घटला की भाव उडतो. मग लोक पेट्रोलचा आणि डिझेलचा साठा वाचतात, आयात किती झाली ते बघतात. कच्चं घटलंय पण पेट्रोल भरपूर वाढलंय असं दिसलं की तोच भाव परत येतो. आकड्याच्या दिवशी रेंज तुटून आत येण्याचं हे नेहमीचं कारण. एक मिनिटाच्या कँडलवर विकणारा हे वाचन चालू असताना मध्ये उडी घेतो, आणि त्या वेळी खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतरही मोठं असतं. ५,६७८ दिसतं, हातात काय पडेल ते वेगळं.

अजून एक. आपला एमसीएक्सचा भाव न्यूयॉर्कच्या डब्ल्यूटीआयच्या मागे चालतो, त्यात रुपया-डॉलर मिसळलेला असतो. अडकलेले मुख्य लोक तिकडे आहेत. तिकडच्या चार्टवर संध्याकाळची रेंज तुटून आत आली का ते आधी बघा. तिकडे काठ तुटलाच नसेल तर आपल्याकडचं तुटणं रुपयाच्या हालचालीचं असू शकतं, त्याला सापळा म्हणू नये.

उद्यमबाग_फर्स्टशिफ्ट
डब्ल्यूटीआयवर पण तुटून आतच आलं होतं, आत्ता बघून सांगतोय. मग ताई, तुम्ही त्या दिवशी काय केलं असतं? नुसतं सोडून दिलं असतं?

टिळकवाडी_ताई
थांबले असते. भाव खालून परत काठाकडे येतो का ते बघितलं असतं. तुमच्याच चार्टवर बघा, ८:२० च्या सुमारास तो ५,६७९ पर्यंत आला आणि कँडल ५,६७३ ला बंद झाली. काठ ओलांडता आला नाही. तिथे ५,६७२ ला विकून स्टॉप ५,६८८ ला. जोखीम १६ ची, खालच्या काठापर्यंत ५२. अडकलेल्यांना बरोबरीत सुटायची संधी मिळते ती याच जागी, म्हणून तिथे विक्री येते. अडचण एकच, अनेकदा भाव परत येतच नाही, सरळ खाली जातो. तो सौदा सोडायची तयारी हवी.

निपाणी_अण्णा
ताई, इथे मला तुमचं पटत नाही. ५,६८८ चा स्टॉप काठापासून आठ रुपयांवर. आकड्याच्या संध्याकाळी क्रूडला आठ रुपये म्हणजे काहीच नाही. सापळा खोटा ठरतो तो ५,७०६ च्या वर, तुमचा स्टॉप त्याच्या आतच. म्हणजे तुमचं मत बरोबर असतानाही तुम्ही बाहेर फेकले जाल. आणि भाव वीस मिनिटांत परत काठाला येऊन उभा राहतो, ते विक्रेते दमल्याचं लक्षणही असू शकतं. दुसरा प्रयत्न तिथूनच सुरू होतो, मी वर म्हटलं तो.

टिळकवाडी_ताई
दोनदा बाहेर फेकले गेले तरी ३२ रुपये जातात, ५,६६७ ला विकून ठेवलेल्या लांब स्टॉपला एकदाच ४३. पण हो, किती वेळा फेकले जाऊ यावर सगळं अवलंबून आहे. दुसरा प्रयत्न ओळखायची माझी खूण अशी: काठाकडे येताना कँडली लहान आणि सावकाश असतील, प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा वर असेल, तर मी विकत नाही. झटक्यात येऊन झटक्यात परतला तर विकते.

उद्यमबाग_फर्स्टशिफ्ट
पुढे काय झालं तेही सांगतो. ८:२० नंतर भाव ५,६४८ पर्यंत उतरला. खालच्या काठाला पोचलाच नाही. साडेदहाच्या सुमारास ५,६८० च्या वर निघाला आणि ५,७२० गाठलं.

निपाणी_अण्णा
बघा की. दिशा वरचीच होती.

टिळकवाडी_ताई
आणि मध्यापर्यंत आलाही. ५,६७२ वरून ५,६५० ला निम्मं काढून उरलेल्याचा स्टॉप विकल्या भावाला आणला असता, तर दोन लॉटवर २२ रुपये एका लॉटचे, दुसरा बरोबरीत सुटला असता. वर होता बाजार, म्हणून मी खालच्या काठाची वाट बघत बसले नसते. तेवढं तुमच्या दिशेच्या नियमाचं मी घेते, अण्णा.

उद्यमबाग_फर्स्टशिफ्ट
पण ताई, माझ्याकडे मार्जिन एकाच लॉटचं असतं. निम्मं कसं काढू?

टिळकवाडी_ताई
एका लॉटला निम्मं नाही. दिवस उलट दिशेचा असेल तर मध्यालाच बाहेर पडा, आणि मध्यापर्यंतचं अंतर स्टॉपच्या अंतरापेक्षा कमी असेल तर उतरू नका.

निपाणी_अण्णा
आणि एकच लॉटवाल्याने उलट दिशेच्या दिवशी मुळातच उतरू नये, हे माझं. मागच्या काही महिन्यांचे बुधवार काढून बघा. नोव्हेंबर ते मार्च हाच आकडा ९ वाजता येतो, ते ध्यानात ठेवा. वरचा काठ तुटून आत आला ते वेगळे लिहा आणि बाजार त्या दिवशी चढता होता की उतरता तेही समोर लिहा. मग ताईंचा आणि माझा वाद पुढे नेऊ.

शहापूर_यंत्रमाग
एक मिनिटाचं पण लिहा, मी देतो माझं.