२० टक्क्यांचे ८ टक्के केले. कंपनी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, दाद मागावी की कंपनीच गुंडाळायला लावावी?

कोराकागद: खासगी कंपनी, भागधारक चौघे, एकूण १०,००० शेअर्स, त्यातले २,००० माझे. मंडळाने १५,००० नवे शेअर्स काढून बाकी तिघांनाच दिले. मला ऑफर-पत्र आलं नाही. ते म्हणतात पाठवलं होतं. धंदा नफ्यात आहे. १० टक्क्यांखाली गेल्यामुळे माझा दाद मागायचा हक्क गेला का?

सदाशिव_७१: हो, कंपनी कायद्याच्या कलम २४४ मध्ये १० टक्के हवेतच. आधी सवलतीचा अर्ज करा, मिळाली तर पुढे.

कलमकसाई: सवलत लागणार नाही. भांडवलाचा एक दशांश हा एक रस्ता. दुसरा डोक्यांचा: १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा एक दशांश, यांतलं जे कमी ते. चौघांत एकटा माणूसही पुरतो. फक्त शेअर्सवरचे कॉल्स, म्हणजे कंपनीने मागितलेली बाकी रक्कम, थकलेले नकोत.

ऑफर-पत्राचा पुरावा त्यांच्याकडून मागवा. राइट्स इश्यूची, म्हणजे आधीच्या भागधारकांना नवे शेअर्स देऊ करण्याची, नोटीस रजिस्टर किंवा स्पीड पोस्ट, कुरियर वा ईमेलने, इश्यू उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी रवाना व्हावी लागते. 'पाठवलं होतं' एवढ्याने भागत नाही. पैशांची खरंच गरज होती का, हेही तपासा. गरज नसताना फक्त पकड घट्ट करायला वाटप केलं असेल तर तुमची बाजू भक्कम.

अर्ज पडतात ते मात्र भलतीकडेच. दडपशाहीविरुद्धच्या कलम २४२ मध्ये दोन गोष्टी एकत्र दाखवायच्या असतात: वागणूक इतकी वाईट की न्याय्य कारणावर कंपनी गुंडाळता आली असती, पण गुंडाळली तर तुमचंच नुकसान. बरेच जण पहिली तक्रार रंगवतात आणि दुसरी ओळ लिहायलाच विसरतात. तुमच्याकडे ती सोपी आहे: नफ्यातला धंदा मोडला तर यंत्रं पडेल भावाने जातील. मागणी करा वाटप रद्द करण्याची, नाहीतर योग्य मूल्याने शेअर्स विकत घेण्याची. अंतरिम आदेशही मागा, नाहीतर सुनावणीपर्यंत आणखी एक वाटप होईल.

दोनभाऊ: आमच्याकडे ५०-५० आहे, सभाच होत नाही. मला संचालकपदावरून काढलं तर हीच दडपशाही ना?

कलमकसाई: धागा वेगळा, पण सांगतो. संचालकपद जाणं एवढ्यावर दडपशाही ठरत नाही; २०२१ च्या टाटा-मिस्त्री निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कोंडी खरी असेल, विश्वास उरला नसेल आणि कोणी कोणाला विकत घेऊ शकत नसेल, तर कलम २७१ खाली गुंडाळण्याचा आदेश होऊ शकतो. मात्र दुसरा उपाय हाताशी असून तुम्ही तो अकारण टाळताय असं दिसलं, तर कलम २७३ प्रमाणे अर्ज फेटाळता येतो.

कोराकागद: शेअर्स विकायचे झाले तर मूल्य कोणत्या तारखेचं, वाटपाआधीचं की अर्जाच्या दिवशीचं?

सदाशिव_७१: अर्जाच्या दिवशीचं.

कलमकसाई: सरसकट नाही. न्यायाधिकरण तारीख प्रकरण पाहून ठरवतं. तुम्ही २० टक्के धरून वाटपाआधीची तारीख मागा. ते मान्य होईलच असं नाही.