अनुभव धागा: कटिंगमध्ये क्रिएटिन आणि अडून बसलेला काटा

सायलीची_वही: चरबी उतरवताना क्रिएटिन घेतलेल्यांनी अनुभव लिहा. माझं खाणं मोजून, व्यायाम नेमाने, पण क्रिएटिन सुरू केल्यापासून वजन ढिम्म. सोडून द्यावं का?

टेपवाला: एवढ्यात नको. मी रोज 5 ग्रॅम घ्यायचो, लोडिंग म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस न घेता. त्याआधी वजन आठवड्याला साधारण 400 ग्रॅमने उतरत होतं. सुरू केलं तेव्हा आठवड्याची सरासरी 82.0 किलो, नाभीपाशी कंबर 94 सेंमी. तीन आठवड्यांनी सरासरी 81.9, कंबर मात्र 92. जुन्या वेगाने 1.2 किलो जायला हवं होतं. माझ्या हिशेबाने तेवढं गेलंही, फक्त जवळपास तितकंच पाणी स्नायूंत भरलं. पुढच्या तीन आठवड्यांत पाणी वाढायचं थांबलं आणि सरासरी 80.7 वर आली. म्हणून तुलना चौथ्या आठवड्यापासून नव्याने धरा.

डंबेलदास: ते पाणी कातडीखाली साठतं, म्हणून पोट फुगीर दिसतं. मी पाणी कमी पितो.

टेपवाला: पाणी धरलं जातं हे खरं, पण ते मुख्यतः स्नायूंच्या पेशींत जातं. त्यामुळे दंड-मांडीचं माप किंचित वाढू शकतं, ते चरबीच्या खात्यात घालू नका. पाणी कमी पिऊन मात्र काही साधत नाही.

निवांत७: मी लोडिंग केलं, रोज 20 ग्रॅम चार वेळांत वाटून. आठवडाभरात दीड किलो वाढलं! पण माझा स्मार्ट काटा म्हणतो चरबीचा टक्का घसरला. मज्जाच की.

टेपवाला: तो काटा अंगातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतो. पाणी वाढलं की ते चरबीविरहित वजनात मोजतो, म्हणून टक्का आपोआप खाली. चरबी आठवड्यात एवढी जात नसते.

आजोबा_जिममध्ये: माझ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन जास्त आलंय. ते म्हणजे हेच क्रिएटिन ना?

टेपवाला: नाही, पण क्रिएटिन घेतल्याने तो आकडा थोडा वाढू शकतो. डॉक्टरांना घेत असल्याचं सांगाच, गृहीत धरू नका.

ऋतुजा_आहे: सायली, पाळीआधी माझी कंबरसुद्धा वाढते, तेव्हा टेपही फसवते. मी मागच्या महिन्याच्या त्याच टप्प्याशी ताडून बघते, सकाळी शौचानंतर, श्वास सोडून, टेप न आवळता. तरी क्रिएटिनचं पाणी किती आणि पाळीचं किती, हे मला कधीच वेगळं काढता आलं नाही.

सायलीची_वही: माझी तर पाळीच अनियमित आहे. मग टप्पा कसा जुळवायचा?

ऋतुजा_आहे: तिथे माझ्याकडेही उत्तर नाही. दोन-तीन महिन्यांची कंबर लिहून ठेव, एकेका मापावर जाऊ नकोस. तोवर कंबरही जागची हलली नाही, तर मात्र पाण्यावर ढकलू नकोस, ताट तपास.