‘जात्याच भांडखोर’ : स्वभावावर खापर फोडण्याच्या चुकीला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका : गृहनिर्माण संस्थांतले तंटे सामोपचाराने मिटवणाऱ्यांसाठी असलेली एक पुस्तिका मी मराठीत आणते आहे. तिच्यातले एक उदाहरण असे आहे. वरच्या घराच्या न्हाणीघरातून खालच्या छताला ओल येते. खालचे गृहस्थ प्लंबरला घेऊन तीन वेळा वर जातात आणि तिन्ही वेळा दार उघडत नाही. त्यांच्या तक्रार अर्जात गळतीविषयी एक ओळ असते आणि ‘वरच्या बाई मग्रूर आहेत’ याविषयी अर्धे पान. वरच्या बाई रात्रपाळीच्या परिचारिका आहेत आणि सकाळी दहाला त्या गाढ झोपेत असतात. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती न पाहता त्याच्या स्वभावालाच कारण धरण्याच्या या चुकीची मूळ संज्ञा ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ अशी आहे. मी ‘मूलभूत आरोपण-दोष’ लिहिले, परंतु ‘आरोप’ म्हटले की वाचक कोर्टात जाऊन पोहोचतो, असे म्हणून संपादकांनी ते कापले.

पडवी : संपादकांचे ऐकू नये. ‘आरोपण’ म्हणजे वर ठेवणे, चढवणे. वृक्षारोपणात आपण झाडावर खटला भरत नाही, आणि चेतनगुणोक्ती शिकताना ‘निर्जीव वस्तूंवर मानवी गुणांचा आरोप’ हे शब्द आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. वाचकाच्या आळसापायी चांगला शब्द सोडू नये.

उंबरठा : संज्ञा घडवण्याची गरजच काय? ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण तयार आहे.

जुना विद्यार्थी : ती म्हण जवळची असली तरी नेमकी नाही. बाब्या-कार्ट्यात आपपरभाव आहे, आणि या चुकीला आपपरभाव लागतोच असे नाही. जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये काही अमेरिकन विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्याविषयीचे निबंध वाचायला दिले. लेखकाला बाजू नेमून दिलेली होती, त्याला निवड नव्हती, हे सांगितल्यावरही वाचणाऱ्यांना कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा थोडाफार त्याच्याच बाजूचा वाटला. तो लेखक त्यांचा ना बाब्या होता ना कार्टे. सक्ती समोर दिसत असूनही तिचे वजन कमी धरले जाते, ही खरी मेख आहे. ली रॉस यांनी 1977 मध्ये या चुकीला हे नाव दिले.

कोरडवाहू : हे सगळे पुस्तकी वाटते. आमच्या शेजाऱ्याने दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरला. तेथे कोणती रात्रपाळी होती? काही माणसे जात्याच तशी असतात, आणि स्वभावाला औषध नाही.

जुना विद्यार्थी : आपल्या शेजाऱ्याविषयी मी वाद घालणार नाही, स्वभावही कारण असतोच. मात्र तसे म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. तोच माणूस इतर ठिकाणी तसाच वागतो का, आणि त्याच्या जागी असलेले इतरही तसेच वागतात का? आपला शेजारी चारही बाजूंचे बांध कोरत असेल आणि बाकीचे शेतकरी कोरत नसतील, तर बोट त्याच्याकडेच जाते. उलट, त्या बाई संध्याकाळी सहाला दार उघडतात आणि रात्रपाळीचे इतर लोकही सकाळी उघडत नाहीत असे दिसले, तर कारण घड्याळात आहे. अर्जदाराने तिन्ही खेपा एकाच वेळी घातल्या होत्या, त्यामुळे त्याला बाईंचा स्वभाव पक्का वाटला.

कोरडवाहू : चारही बाजूंचे मला ठाऊक नाही. पलीकडे त्याचा सख्खा भाऊ आहे.

पडवी : वर ‘जात्याच’ आले म्हणून सांगतो. ते ‘जाति’चे संस्कृत तृतीयेचे रूप आहे, अर्थ ‘जन्माने’. एका शब्दात आपण परिस्थितीला दार लावून घेतो.

उंबरठा : मला आजवर ते धान्य दळण्याच्या जात्यावरून आलेले वाटत होते! ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ मधले जाते.

पडवी : व्युत्पत्ती साफ चुकीची आहे, पण म्हण मात्र आपण अनवधानाने योग्य आणलीत. दाणे एकच; रडणे-हसणे जागेवर ठरते.

अनुवादिका : म्हण मी समासात टिपून ठेवली आहे. संज्ञेचे काय करू? ‘स्वभावारोपाची चूक’ चालेल का?

जुना विद्यार्थी : चालेल, आणि ‘मूलभूत’ गळाले हे बरेच झाले. मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी 1984 मध्ये ‘अमका असा का वागला?’ याला शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांनी दिलेली उत्तरे ताडून पाहिली. लहान मुलांत फारसा फरक नव्हता, परंतु म्हैसूरच्या प्रौढांनी परिस्थितीची कारणे पुष्कळ जास्त दिली. जी चूक वाढत्या वयात अशी निरनिराळे वळण घेते, तिला मूलभूत कसे म्हणावे?

पडवी : मूळ संज्ञेतले विशेषण गाळण्याचा अधिकार अनुवादकाला कोणी दिला? आणि ‘स्वभावारोप’ केलात, तर संपादकांना नको असलेला ‘आरोप’ पुन्हा आत आलाच.

कोरडवाहू : त्या गळतीचे पुढे काय झाले, हे कोणी सांगेल का?

अनुवादिका : पुस्तिकेत एवढेच आहे की प्लंबर संध्याकाळी गेला आणि न्हाणीच्या जाळीभोवतीचा सांधा फुटलेला निघाला. ‘मग्रूर’ हा शब्द अर्जातून काढायला मात्र खालचे गृहस्थ तयार झाले नाहीत.