आक्षेप आधी घ्यावेत की शेवटी?

निशिगंध: वीस मिनिटांचं सादरीकरण आहे. गोदामातली नोंद वहीऐवजी बारकोडवर न्यायचा प्रस्ताव. समोर पाळीप्रमुख, बहुतेक विरोधात. आत्ताचा क्रम: पार्श्वभूमी, फायदे, खर्च, अंमलबजावणी, शेवटी शंका. शंका आधी घ्याव्यात का?

तर्कटी: मुळीच नको. ज्या शंका कुणाच्या डोक्यातही नाहीत त्या आपणच का पेरायच्या? आधी फायदे ठसू द्या.

मीमांसक: हे अनुकूल श्रोत्यांपुरतं खरं. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर प्रयोग केला होता, 1949 मध्ये तो पुस्तकात आला. जपानशी युद्ध लांबेल हे पटवायचं होतं. आधीच तसं वाटणाऱ्यांवर एकतर्फी मांडणीचा प्रभाव जास्त पडला, उलट मताच्या सैनिकांवर दोन्ही बाजू मांडणारीचा. पाळीप्रमुख दुसऱ्या गटातले.

पण सगळ्याच शंका पुढे ओढू नका. पहिल्या मिनिटात प्रस्ताव एका वाक्यात सांगा, नाहीतर आक्षेप कशावर तेच कळणार नाही. मग एकच आक्षेप घ्या, ज्याच्यामुळे माणूस पुढचं ऐकतच नाही. इथे तो बहुधा असा: ‘स्कॅनर बंद पडला की गाडी खोळंबणार आणि बोलणी आम्ही खाणार.’ असाच म्हणा. ‘प्रणालीच्या विश्वासार्हतेचा मुद्दा’ म्हटलंत तर तो आपलाच आहे हे त्यांना ओळखू येणार नाही, आणि शेवटी पहिला प्रश्न तोच येईल. उत्तर लगेच द्या: स्कॅनर बंद तर छापील तक्त्यावर हाताने नोंद, गाडी सुटते, नोंद त्याच पाळीत चढवायची, सही कुणाची तेही ठरलेलं. तीन मिनिटं पुरतात. खर्चाची शंका खर्चाच्या स्लाइडवरच बरी.

आडवाट: माझ्या प्रबंधाच्या मौखिकीतही मर्यादा आधीच सांगू का?

मीमांसक: तिथे परीक्षकांनी प्रबंध वाचलेला असतो, ते वेगळं गणित.

रंधा: स्लाइड नुसती उचलून पुढे टाकू नका. चौदावी दुसरी झाली की तिच्यातला आलेख सहावीवर समजावलेल्या शब्दांवर टेकलेला निघतो. ‘मघाशी पाहिलं तसं’ असं जिथे जिथे लिहिलंय ते शोधा, ती वाक्यं हमखास तुटतात. शिवाय शंका पुढे गेल्या की शेवट रिकामा पडतो. तिथे मागणी ठेवा: एका दारावर दोन आठवडे चालवून बघू.

तर्कटी: सुरुवातीलाच बचाव केला की वक्ता घाबरलेला वाटतो. आणि उत्तर कच्चं असेल तर?

मीमांसक: तेवढं बरोबर. आक्षेप मांडून तसाच सोडणं न मांडण्यापेक्षा महागात पडतं. उत्तर कच्चं असेल तर क्रम बदलून भागणार नाही, प्रस्तावच लहान करावा लागेल.

तर्कटी: आणि समोरचे निम्मे अनुकूल, निम्मे विरोधात निघाले तर?

रंधा: तर मी विरोधकांकडे बघून क्रम लावेन. मीमांसकांना पटेलच असं नाही.