मदत हवी आहे: पुस्तक उघडून द्यायच्या परीक्षेचा पेपर (बी.एड.)

खडूडस्टर
सोमवारी पेपर छपाईला द्यायचाय, म्हणून घाईत लिहितेय. बी.एड.ची अंतर्गत परीक्षा यंदा पुस्तक उघडून घ्यायची ठरलीय. सहा प्रश्न काढलेत, पण सगळ्यांची उत्तरं मुलं पुस्तकातून उतरवून काढतील असं दिसतंय. उपयोजनाचे प्रश्न कसे काढायचे आणि गुण कसे द्यायचे? ब्लूम सांगू नका, तो पाठ आहे.

पारावरचा
विषय कोणता? गुण किती, वेळ किती? पुस्तक एकच की नोट्सही चालतील?

सदाफुली
सीबीएसईने नववी-अकरावीला हाच प्रयोग केला होता, २०१७-१८पासून बंद केला. त्यापेक्षा पेपर घरी सोडवायला द्या, निवांत लिहितील.

पारावरचा
सदाफुली, तिथे मजकूर काही महिने आधीच शाळांच्या हातात असायचा. हा प्रकार वेगळा आहे. आणि घरी द्यायचं का, हे ताईंनी विचारलेलंच नाही.

खडूडस्टर
गणित अध्यापनपद्धती. ३० गुण, दीड तास. नेमलेलं पुस्तक आणि स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स. तपासणारे आम्ही दोघे. नमुना प्रश्न: "निदानात्मक चाचणीचे महत्त्व सांगून ती वर्गात कशी वापराल ते लिहा."

पारावरचा
याची दोन्ही अर्धुकं पुस्तकात मथळ्यासकट सापडतील. प्रश्नात पुस्तकात नसलेली वस्तू ठेवा, म्हणजे एखाद्या मुलाच्या वहीचं पान. आणि सहाचे तीन प्रश्न करा, प्रत्येकी १० गुण. पहिली १५ मिनिटं वाचायला, मग प्रत्येकाला २५. सहा ठेवलेत तर पानं चाळण्यातच वेळ जाईल आणि मिळेल ते उतरवलं जाईल.

मोगरा_
वहीचं पान म्हणजे असं का? "मुलाने ५२ − २७ = ३५ आणि ८१ − ४६ = ४५ लिहिलं. चूक ओळखा." उत्तर: हातचा घेतला, पण दशकातून एक कमी करायला विसरला.

पारावरचा
दिशा बरोबर, पण उदाहरणं फसवी आहेत. हे मूल दोन प्रकारे चुकलेलं असू शकतं. एक, तुम्ही म्हणता तसं: १२ − ७ = ५, दशक तसेच राहिले, ५ − २ = ३. दोन, एककात मोठ्यातून लहान आकडा वजा केला: ७ − २ = ५. दोन्हीकडे ३५च येतं, कारण एककातल्या आकड्यांत फरक नेमका ५चा आहे. ८१ − ४६चंही तेच. मग एक विद्यार्थी एक निदान लिहील, दुसरा दुसरं, आणि दोन्ही बरोबर ठरतील.

त्यात ६४ − ३८ = ३४ घाला. दशक कमी करायला विसरला असता तर ३६ आलं असतं. शिवाय ७५ − ३२ = ४३ हे बरोबर उदाहरणही ठेवा, म्हणजे हातचा नसताना मूल चुकत नाही हे दिसेल. मग विचारा: हेच मूल ७० − २६चं उत्तर काय लिहील? ५६ आलं तर निदान पक्कं, ५४ आलं तर चुकलं. हे कुठल्याही पानावरून उतरवता येत नाही.

खडूडस्टर
हे भारी आहे. गुण कसे वाटू?

पारावरचा
चुकीची रीत चारही उदाहरणांशी ताडून सांगितली तर ३. "वजाबाकी कच्ची आहे" एवढंच लिहिलं तर ०. ७० − २६ला १. खात्री करायला मुलाला विचारायच्या तोंडी प्रश्नाला २, पण "समजलं का?" छापाच्या प्रश्नाला काही नाही. उपायाला ४: साहित्य कोणतं, मूल हाताने काय करेल, आणि याच चुकीवर ते कसं काम करेल. काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या केल्या आणि त्यातून आठ काढल्या असं लिहिलं तर पूर्ण. "शैक्षणिक साधने वापरावीत" याला ०.

निदान चुकलं, पण उपाय त्या निदानाला धरून असेल तर उपायाचे २ द्या, हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर दोघे तपासणारे इथेच फाटतील. आधी पाच पेपर दोघांनी वेगवेगळे तपासा. एका प्रश्नात २हून जास्त फरक आला तर वाद पोरांच्या अकलेवर घालू नका, गुणदानातलं वाक्य बदला.

मोगरा_
ब्रूनर, पियाजे यांचा उल्लेख केला त्याला एक गुण नको? सिद्धान्त कळायला हवाच की.

पारावरचा
पुस्तक समोर असताना नाव घेणं फुकट आहे. काड्यांवरून अंकांकडे का जायचं, हे ब्रूनरला धरून सांगितलं तर ते उपायाच्या चारात येतंच.

मोगरा_
नाही पटलं. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत नावाला गुण मिळतात, इथे नाहीत. मुलांनी नक्की कशाची सवय लावायची?

खडूडस्टर
मोगराताईंचं माझ्या सहकाऱ्यालाही पटतंय, बघते. दुसरा प्रश्न १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलावर करतेय. चालेल?

पारावरचा
ती चूक इतकी प्रसिद्ध आहे की अपूर्णांकाच्या प्रकरणात उपायासकट छापलेली असू शकते. आधी तुमचं पुस्तक उघडून बघा.