स्पाइन, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची रुंदी, किती धरायचा?

> पुस्तक २४० पानी, साइज १४० × २१६ मिमी, आतला कागद ७० जीएसएम. परळचा प्रेसवाला कव्हरची एकच पीडीएफ मागतोय, स्पाइन किती धरू?

नुसत्या जीएसएमवरून स्पाइन काढू नका, जीएसएम म्हणजे वजन, जाडी नाही. साधा मॅपलिथो ७० जीएसएमला साधारण ०.०९ मिमी भरतो पण तेवढ्याच वजनाचा बल्की कागद ०.११ पर्यंत जातो, म्हणून प्रेसवाल्याला आधी कागदाची जाडी मायक्रॉनमध्ये विचारा.

२४० पानं म्हणजे १२० कागद, कोरी पानंही मोजायची हं. १२० × ०.०९ = १०.८, त्यात कव्हरच्या कार्डाची जाडी दोनदा, ०.३ धरली तर ०.६, झाला ११.४ मिमी. बल्की निघाला तर हाच आकडा १३.८ होतो, आणि मग मधोमध बसवलेल्या ११.४ च्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी १.२ मिमी कव्हरचा रंग स्पाइनवर चढलेला दिसतो.

रुंदी १४० + ११.४ + १४० = २९१.४, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापून जाणारी जास्तीची कड, धरली की पीडीएफ २९७.४ × २२२. डावीकडे मागचं कव्हर, उजवीकडे पुढचं. ब्लीड फक्त बाहेरच्या कडांना, स्पाइनच्या घडीपाशी नाही, तिथे घातलं की पूर्ण माप बिघडतं.

बाइंडिंगमध्ये थोडं इकडेतिकडे होतंच, त्यामुळे स्पाइनवरचं नाव दोन्ही कडांपासून निदान १.५ मिमी आत ठेवा, आणि शक्यतो पुढच्या कव्हरचा रंगच स्पाइनवर चालू द्या, वेगळी पट्टी असली की अर्धा मिमी सरकलेलंही लगेच डोळ्यात येतं. फायनल करण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी मागून व्हर्नियरने मोजा.