टेबल आहे ना, मग आकडे परत कायले?

"गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा तलावांवरच्या पक्ष्यांचं टेबल टाकलं दादा, आता थीसिसच्या रिझल्ट्समध्ये काय लिहू?"

टेबल वाचून दाखवू नको भाऊ. पहिला प्रश्न प्रजातींची संख्या तलावागणिक बदलते का हा असंल, तर पहिलं वाक्यच त्याचं उत्तर, समजा "गोरेवाड्यात अंबाझरीपेक्षा सरासरी ६ प्रजाती जास्त (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल २ ते १०, तक्ता १)". तुझ्या टेबलात नुसत्या सरासऱ्या आहेत, हा फरक नाही. फक्त "फरक सिग्निफिकंट" लिहिलं तर कोणता तलाव वरचढ अन् कितीनं, तेच कळत नाही. मग दुसरा प्रश्न, पाणी उतरल्यावर वेडर्स, म्हणजे उथळ पाण्यात चालणारे पक्षी, वाढतात का, त्याचा वेगळा पॅरा. काही नाही निघालं तरी तिथंच लिही. कायले वाढले ते डिस्कशनमध्ये. मी मॉडेल चालवले त्या क्रमानं लिहिलं होतं, गाईडनं अख्खं परत लिहायला लावलं बाप्पा!